टेल्मिसार्टन ते ॲस्पिरिन: बीपी असताना बाळाची तयारी, नाशिकमधले माझे दीड वर्ष

मुलगी परवा तीन महिन्यांची झाली. ती झोपली की थोडा वेळ मिळतो, त्यात हे लिहून काढते आहे. मला विशीतच बीपी निघालं होतं आणि मूल हवं असं ठरल्यावर नेमकं कुठून सुरुवात करायची, हे सांगणारं मराठीत मला काही सापडलं नव्हतं. बीपी आधीपासून आहे, गोळी चालू आहे आणि आता मूल हवंय, अशा बायकांसाठी हे आहे. माझ्या गोळ्यांचे डोस माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी ठरवले होते, ते कुणी स्वतःला लावून घेऊ नयेत. ते का आणि कसे बदलले, हे मात्र सविस्तर सांगते.

मी २८ वर्षांची असताना कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १५०/९६ आलं. आधी वाटलं धावपळीमुळे असेल, पण पुढच्या पंधरा दिवसांत तीनदा मोजलं आणि तीनही वेळा तसंच. बाबांना तिशीत बीपी होतं, त्यामुळे डॉक्टरांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ अशी दोन औषधांची एकच गोळी सकाळी सुरू झाली. तीन-साडेतीन वर्षं ती घेतली. बीपी १२५/८२ च्या आसपास, त्रास काही नाही, महिन्याचा खर्च तीनशेच्या आत. गोळी आहे हेसुद्धा विसरायला झालं होतं.

६ जानेवारी २०२४, शनिवार. कॅनडा कॉर्नरजवळच्या आमच्या फिजिशियनकडे नेहमीच्या तपासणीला गेले होते. चिठ्ठी हातात घेऊन उठताना सहज म्हणाले, "सर, यंदा बाळाचा विचार चाललाय." त्यांनी चिठ्ठी परत मागून घेतली. पहिला प्रश्न, "शेवटची पाळी कधी आली?" मी सांगितलं, पंचवीस दिवस झाले. त्यांनी तिथेच लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावली. निगेटिव्ह आली तेव्हा म्हणाले, "आता बसा. हे घाईत सांगण्यासारखं नाही."

त्यांनी जे समजावलं ते मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवलं होतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन ही एका जातीची औषधं, आणि रॅमिप्रिल, एनॅलाप्रिल ही त्यांची चुलत भावंडं. ही सगळी शरीरातली जी साखळी रोखून बीपी उतरवतात, त्याच साखळीवर पोटातल्या बाळाच्या किडनीचं काम अवलंबून असतं. बाळाभोवतीचं पाणी चौथ्या महिन्यानंतर मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. औषधाने बाळाची किडनी मंदावली की ते पाणी आटतं, आणि पाणी नसलं की फुप्फुसं नीट वाढत नाहीत. सगळ्यात मोठा धोका चौथ्या महिन्यापासून पुढे असतो. पण बाईला गर्भ राहिल्याचं कळायलाच पाच-सहा आठवडे जातात, म्हणून माझ्यासारखीने आधीच गोळी बदललेली बरी. मी विचारलं, चुकून राहिलंच असतं तर? ते म्हणाले, "तर त्याच दिवशी फोन करायचा, आपण गोळी बदलली असती. अशा बहुतेक बायकांची बाळं नीट असतात. त्या भीतीने गर्भ काढायची गरज नसते आणि मनानेच बीपीची गोळी सोडून घरी बसायचं तर मुळीच नाही." हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं देते आहे, कारण अशी चूक झाल्यावर घाबरून दोन्हीपैकी काहीतरी करून बसलेल्या दोघी मला नंतर भेटल्या.

बदल करण्याआधी त्यांनी तपासण्या लिहून दिल्या आणि तोपर्यंत निरोध वापरायला सांगितलं. क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, थायरॉइड, लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी प्रमाण, किडनीची सोनोग्राफी आणि तिच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, टूडी एको, शिवाय डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. कमी वयात बीपी असलं की किडनीच्या रक्तवाहिनीचं किंवा ग्रंथींचं काही कारण दडलेलं नाही ना, हे एकदा बघून घ्यायचं असतं. माझं आधी कुणी बघितलंच नव्हतं. शरणपूर रोडच्या लॅबमध्ये रक्त-लघवी, दुसरीकडे सोनोग्राफी, तिसरीकडे एको असं करत दहा दिवस आणि एकूण सात हजार सहाशे रुपये गेले. सोनोग्राफी पोटाची असली तरी आधार कार्डची झेरॉक्स मागतात, दोन-तीन प्रती पर्समध्ये ठेवाव्यात.

सगळं नॉर्मल आलं. क्रिएटिनिन ०.७, लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण ०.०९. मला वाटलं, एवढे पैसे घालून हाती काय लागलं? सरांनी मात्र त्या दोन आकड्यांभोवती पेनाने गोल केले आणि म्हणाले, "ही फाइल जपून ठेवा. सातव्या-आठव्या महिन्यात बीपी चढलं तर तुमचं आधीचं काय होतं, हे फक्त यातून कळेल." निळ्या रंगाची साधी फाइल होती. ती पुढे खरोखर कामी आली, ते सांगतेच. लघवीतून प्रथिनं जात असती तर गोळी कधी बदलायची याचा हिशेब वेगळा झाला असता, असंही ते म्हणाले.

२० जानेवारीला जुनी गोळी बंद झाली आणि लॅबेटॅलॉल १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. गरोदरपणात बीपीसाठी मुख्यतः तीन औषधं वापरतात: लॅबेटॅलॉल, हळूहळू सुटणारं निफेडिपिन आणि मिथिलडोपा. दमा असेल तर लॅबेटॅलॉल देत नाहीत. मला दमा नाही.

मला वाटलं होतं, गोळीच्या जागी गोळी आली की झालं. तसं झालं नाही. पहिल्या आठवड्यात घरचे आकडे १४८/९६, १५२/९४. दहा दिवसांनी डोस दुप्पट झाला. डोक्याच्या कातडीला मुंग्या आल्यासारखं व्हायचं, केसातून कुणी बारीक सुया फिरवतंय असं. लॅबेटॅलॉलने हे होतं आणि त्याचं काही बिघडत नाही, हे मला सरांना फोन केल्यावर कळलं. आधी मी शांपू बदलला होता. तीन आठवड्यांत मुंग्या गेल्या. एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उठायची सवय लावली.

या काळात मापं नीट घेणं हेच मोठं काम होतं. माझ्याकडचं मशीन मनगटावरचं होतं, ते सरांनी बाजूला ठेवायला लावलं. दंडावरचं नवीन २,२०० रुपयांना घेतलं. तेही जास्तच दाखवायचं. सरांच्या कंपाउंडरनी माझा दंड शिंप्याच्या टेपने मोजला, ३४ सेंटिमीटर भरला. मशीनबरोबरचा पट्टा ३२ पर्यंतचाच होता. पट्टा लहान पडला की आकडा उगाच वर जातो. मोठा पट्टा वेगळा मागवला, ७५० रुपये, आणि त्याच दिवशी वरचा आकडा सात-आठने खाली आला. दंडाचं माप घेतल्याशिवाय मशीन विकत घेऊ नका. मोजायच्या आधी लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीत, आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री गोळीच्या आधी. घरी सरासरी १३५/८५ च्या खाली हवी, असं त्यांनी ठरवून दिलं होतं.

१७ फेब्रुवारीला वही घेऊन गेले. त्यांनी सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे वेगवेगळे वाचले. सकाळची गोळी घेतल्यावर नऊ-दहाला पुन्हा मोजलं की १२८, संध्याकाळी सातला १४६. औषधाचा जोर आठ ते बारा तासांत ओसरतो आणि माझ्या बाबतीत तो लवकर ओसरत होता. एका वेळचा डोस वाढवण्याऐवजी त्यांनी वेळा वाढवल्या: २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात-तीन-अकरा. दुपारी तीनची गोळी ऑफिसमध्ये हमखास विसरायची. सातपूरच्या आमच्या ऑफिसात तीनला चहा येतो. गोळीची डबी मी माझ्या कपात ठेवायला लागले. चहावाले काका कप उचलायला आले की डबी खुळखुळायची. एकही दुपार चुकली नाही. खर्च मात्र तीनशेवरून महिन्याला अडीच हजारांच्या वर गेला, याची तयारी ठेवावी.

९ मार्चला सरासरी १२८/८२ आली. तरी सर म्हणाले, अजून चार आठवडे असंच राहू द्या. मला तेव्हा फार राग आला होता. वय बत्तीस, घरात रोज कुणी ना कुणी विचारणारं, आणि आम्ही दोघं वहीत आकडे भरत बसलेलो. सासूबाईंना खरं कारण सांगावं की नाही, यावर आमची दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मीच सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीला आठव्या महिन्यात झटके आले होते गं. तेव्हा कुणी बीपी मोजलंच नव्हतं." त्या दिवसापासून घरातलं लोणचं आणि पापड माझ्या ताटात यायचे बंद झाले, आणि "कधी देताय गोड बातमी" विचारणाऱ्यांना त्याच परस्पर उत्तर द्यायला लागल्या.

६ एप्रिलला, पाडव्याच्या तीन दिवस आधी, परवानगी मिळाली. गायनॅक मॅडमनी फॉलिक ॲसिड जानेवारीतच सुरू केलं होतं. पुढचे पाच महिने काही झालं नाही. त्याबद्दल फार लिहीत नाही. दर महिन्याला वाटायचं, एवढी तयारी करून उपयोग काय. २५ ऑगस्टची पाळी शेवटची ठरली आणि २६ सप्टेंबरला पहाटे टेस्टवर दोन रेघा आल्या. त्या क्षणी मला सगळ्यात आधी काय वाटलं, तर आज कुठली गोळी बंद करायला धावायचं नाहीये. हे सुख मोठं होतं.

मॅडमकडे पहिल्याच भेटीत त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं आणि १७ नोव्हेंबरला बारा आठवडे पूर्ण होतात, तिथे खूण केली. "तेव्हापासून रोज रात्री ॲस्पिरिन. सोळा आठवड्यांच्या आत सुरू व्हायलाच हवी, म्हणजे १५ डिसेंबरच्या आत. मी विसरले तर तुम्ही आठवण करा."

ॲस्पिरिन कशाला, हे मी दोन भेटींत विचारून विचारून समजून घेतलं. आधीपासून बीपी असलेल्या बायकांमध्ये साधारण चार-पाच जणींमागे एकीला पुढे प्रीएक्लाम्पसिया होतो: बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जायला लागतात किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट बिघडतात. त्याची मुळं वारेत असतात. वार रुजताना गर्भाशयातल्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. ते काम पहिल्या चार-साडेचार महिन्यांत होतं. ते अर्धवट राहिलं की वारेला रक्त कमी पडतं आणि त्याचा त्रास सातव्या-आठव्या महिन्यात आईच्या अंगावर दिसतो. कमी डोसची ॲस्पिरिन प्लेटलेटमधून सुटणारा, रक्तवाहिनी आवळणारा पदार्थ कमी करते. म्हणून ती लवकर सुरू करायची. सातव्या महिन्यात बीपी चढल्यावर सुरू करून हा फायदा मिळत नाही.

मॅडमनी मर्यादाही सांगितली, आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात धोका जास्त असलेल्या बायकांना अकरा ते चौदा आठवड्यांपासून छत्तीस आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली होती. सदतीस आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लाम्पसिया निम्म्याहून कमी झाला. मात्र त्याच अभ्यासात आधीपासून बीपी असलेल्यांचा गट वेगळा काढून पाहिला, तेव्हा तेवढा फायदा दिसला नाही. "मग मला का देताय?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तो गट लहान होता. तुमचा धोका मोठा आहे, या डोसचं नुकसान थोडं आहे, आणि जगभरच्या सूचनांमध्ये जुन्या बीपीसाठी ही गोळी सांगितलेलीच आहे. मी देणार. पण ही घेतली म्हणजे आता काही होणार नाही, असं समजून मोजणं सोडायचं नाही."

१९ नोव्हेंबरला एनटी स्कॅन झाला. गरोदरपणातल्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो, बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं लिहून सही द्यावी लागते. ओळखपत्र, मॅडमची चिठ्ठी आणि आधीचे रिपोर्ट बरोबर नसले तर परत पाठवतात. आम्ही साडेदहाच्या अपॉइंटमेंटला दहाला पोचलो आणि आत सव्वाबाराला गेलो. बिस्किटं, पाण्याची बाटली आणि दुपारची गोळी बरोबर ठेवावी. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लरही त्याच वेळी झाला. एका बाजूचा दाब थोडा जास्त होता. बाळ छान होतं.

येताना गोळी घेतली. चिठ्ठीवर ॲस्पिरिन १५० लिहिलं होतं. दुकानात गर्दी होती, मुलाने पाकीट बांधून दिलं. रात्री जेवण झाल्यावर पट्टी हातात घेतली तर त्यात कॅप्सूल होत्या आणि नावापुढे दोन इंग्रजी अक्षरं जास्तीची. मागच्या बाजूची बारीक अक्षरं मोबाइलच्या टॉर्चवर वाचली: ॲस्पिरिन आणि अटॉर्व्हास्टॅटिन. कोलेस्टेरॉलचं औषध, गरोदरपणात नको असलेलं. हृदयाच्या पेशंटना दोन्ही एकत्र लागतात, म्हणून तसल्या कॅप्सूल दुकानात कायम समोरच असतात आणि नाव जवळजवळ सारखं असतं. मी घेतली नाही. नवरा साडेनऊला परत गेला, दुकानदारांनी माफी मागून बदलून दिली. नुसती १५० ची नव्हती, म्हणून ७५ च्या दोन घ्यायच्या ठरलं, मॅडमना मेसेज करून विचारलं. चौदा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आत. पट्टीवर ॲस्पिरिनखेरीज दुसऱ्या कुठल्याही औषधाचं नाव नाही ना, एवढं पहिल्या दिवशी नक्की वाचा.

या गोळीवरचं आवरण पोटात जळजळ होऊ नये म्हणून असतं, त्यामुळे ती चावायची किंवा कुटायची नाही. जेवणानंतर, झोपताना घ्यायची. मी ती अकराच्या लॅबेटॅलॉलबरोबर जोडून टाकली. एक गैरसमज माझाही होता. ॲस्पिरिन सुरू झाल्यावर मी आठवडाभर वहीत बीपी उतरतंय का ते शोधत होते. ती बीपी उतरवत नाही. तिचं काम वारेशी आहे आणि ते कुठल्याही मशीनवर दिसत नाही. म्हणूनच ती सोडून द्यावीशी वाटते. डिसेंबरात ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं, तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, रक्त पातळ करायची गोळी पोटुशी बाई कशी घेते?" मी घाबरून दोन रात्री चुकवल्या. तिसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांनी हिरड्या बघितल्या. गरोदरपणात हिरड्या सुजतातच, दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या आणि गोळी चालू ठेवा, म्हणाल्या. मधेमधे चुकवणाऱ्यांना हिचा फायदा कमी होतो, हेही तेव्हाच सांगितलं. खालून रक्त गेलं किंवा काळी शी झाली तर मात्र न थांबता फोन करायचा होता. तसं काही झालं नाही.

९ डिसेंबरला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेले. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. खाजगीत नाव घातलेलं असलं तरी इथे नोंद करावी, असं माझं मत आहे. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, नोंदणी क्रमांक मिळतो, पहिल्या बाळासाठीच्या मातृवंदना योजनेच्या ५,००० रुपयांसाठी तोच लागतो. आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि आधीचे रिपोर्ट घेऊन जावं. माझं खातं जोडलेलं नव्हतं, त्यासाठी बँकेत दोन चकरा झाल्या. सिस्टरनी कार्डावर जोखमीचं लाल स्टिकर लावलं. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. सिस्टर म्हणाल्या, "ताई, हे घाबरायला नाहीये. रात्री कुठल्याही दवाखान्यात गेलात, तर हे बघून तुम्हाला आधी आत घेतील."

सतराव्या आठवड्यापासून बीपी खाली यायला लागलं. ११०/७०, मग १०४/६४. आईला वाटलं, बाळाच्या पायगुणाने बीपी गेलं. चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळ्याच बायकांच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि दाब उतरतो, नंतर तो परत चढतो. चक्कर यायला लागली म्हणून सरांनी दुपारची गोळी काढली, बाकी दोन ठेवल्या. ज्यांना आधी बीपी असल्याचं माहीतच नसतं, त्यांची पहिली तपासणी नेमकी या दिवसांत झाली तर आकडा चांगला येतो आणि जुनं बीपी लपून राहतं, हे त्यांनी सांगितलेलं मला महत्त्वाचं वाटलं.

मार्चच्या शेवटी आकडे वर सरकले. दुपारची गोळी परत आली. २ एप्रिल २०२५ ला, एकतिसावा आठवडा संपून तीन दिवस झाले होते, रात्री १५४/९८. पंधरा मिनिटांनी पुन्हा १५२/९८. डोकं दुखत नव्हतं, डोळ्यांपुढे चमकत नव्हतं, बरगडीखाली दुखत नव्हतं, बाळ हलत होतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली ही यादी मी मोठ्याने वाचली आणि मॅडमना फोन केला. १६०/११० असतं किंवा यातलं एकही लक्षण असतं, तर फोनही न करता थेट यायचं होतं. त्यांनी तेव्हाही बोलावूनच घेतलं.

निळी फाइल पहिल्यांदा तिथे उघडली. प्रश्न एकच होता: हे माझं जुनंच बीपी वाढलंय की त्यावर प्रीएक्लाम्पसिया चढलाय? पहिलं असेल तर गोळी वाढवून घरी जाता येतं. दुसरं असेल तर दवाखान्यात राहून, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं घेऊन, बाळंतपण कधी करायचं याचा विचार सुरू होतो. लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण ०.१४ आलं. धोक्याची रेघ ०.३ आणि माझं आधीचं ०.०९. क्रिएटिनिन ०.६. प्लेटलेट आणि लिव्हर ठीक. मॅडमनी जानेवारी २०२४ चा कागद आणि त्या रात्रीचा कागद शेजारी शेजारी ठेवले, आम्हा दोघांनाही दाखवले. गरोदरपणात क्रिएटिनिन थोडं उतरायलाच हवं. माझं उतरलेलं होतं. आधीचा कागद नसता, तर ०.१४ कडे बघून हे आत्ता वाढायला लागलंय की नेहमीचंच आहे, हे ठरवता आलं नसतं. दोन रात्री ठेवून घेतलं, हळूहळू सुटणारं निफेडिपिन जोडलं, घरी सोडलं. बिल ११,४००. निफेडिपिनने पहिले चार दिवस डोकं जड आणि पाय सुजलेले. त्या डोकेदुखीला मात्र स्वतःहून गोळीची डोकेदुखी म्हणायचं नाही. दर वेळी बीपी मोजायचं आणि जास्त असलं तर कळवायचं, असं ठरलं होतं.

त्यानंतर दर आठवड्याला तपासणी, दर तीन आठवड्यांनी बाळाची वाढ आणि डॉप्लर. ४ मे ला छत्तीस आठवडे झाले, त्या रात्रीपासून ॲस्पिरिन बंद. माझ्या मॅडमची पद्धत छत्तिसाव्याला थांबवायची आहे, काही डॉक्टर बाळंतपणापर्यंत चालू ठेवतात. १६ मे ला कळा आणण्यासाठी दाखल झाले आणि १७ मे ला दुपारी, सदतीस आठवडे सहा दिवसांना, मुलगी झाली. २ किलो ६०० ग्रॅम.

मला वाटलं, संपलं. चौथ्या दिवशी घरी १५८/१०० आलं. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यात वर जातं, हे मला सांगितलेलं होतं, म्हणून मशीन उशाशीच होतं. नेमकं तेव्हाच घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि आईकडे कुणी बघत नाही. सरांनी एनॅलाप्रिल सुरू केलं. तेच, जानेवारीत ज्याचं नाव नको असलेल्या यादीत लिहिलं होतं. दुधात ते अगदी थोडं उतरतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला चालतं. त्या एका चिठ्ठीने लॅबेटॅलॉलच्या तीन वेळा सुटल्या.

जूनअखेर सहा आठवड्यांच्या तपासणीला १२६/८०. मी सरांना विचारलं, जुनी टेल्मिसार्टन परत कधी? त्यांनी आधी विचारलं, पाळणा लांबवायचं काय ठरवलंय? पाजणं चालू आहे तोवर एनॅलाप्रिलच, पण ते घेतानाही नकळत गर्भ राहायला नको, आणि बीपी असताना नेहमीच्या मिश्र गर्भनिरोधक गोळ्याही नकोत. मॅडमनी पुढच्या आठवड्यात कॉपर-टी बसवली. त्याची तारीख निळ्या फाइलच्या आतल्या कव्हरवर लिहिली आहे. खाली सरांच्या अक्षरात एक ओळ आहे: "कॉपर-टी काढण्याआधी तीन महिने मला भेटणे."